एक गट, एक धंदा : निवड कशी करावी

बचत गटाने मिळून एखादा धंदा सुरू करायचा ठरवले, की सभेत पहिला प्रश्न हमखास निघतो : "आपल्याला काय काय करता येतं?" उत्तरे पटापट येतात. पापड, लोणची, मसाले, शिवणकाम, शेळ्या, मेणबत्त्या. यादी लांबत जाते, प्रत्येकीला आपलीच वस्तू चांगली वाटते आणि अखेर जिचा आवाज मोठा तिचे म्हणणे ठरते. अशा सभेत चार शब्द सांगायला गावातल्या निवृत्त शिक्षिकेला पुष्कळदा बोलावतात. गटातल्या निम्म्याजणी तिच्या हाताखाली शिकलेल्या असतात, तिला हिशेबाची आणि फळ्याची सवय असते आणि होऊ घातलेल्या धंद्यात तिचा वाटा नसतो. त्यामुळे कोणाच्या वस्तूवर तिने काट मारली तरी ती फारशी मनाला लागत नाही. धंदा सुचवणे हे तिच्या भाषणाचे काम नव्हे. यादीतले एकेक नाव कोणत्या कसोटीवर खोडायचे, हे तिने दाखवायचे असते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम गावातला, दहा जणींचा, दोन वर्षे जुना गट उदाहरणादाखल डोळ्यांपुढे ठेवून असे भाषण कसे पुढे सरकते ते इथे मांडले आहे. त्यातले भाव आणि रकमा हिशेब कळावा म्हणून धरलेल्या आहेत. प्रत्येक गटाने त्यांच्या जागी आपल्या बाजारातले आकडे घालायचे असतात.

मिळून करायचे ते कशासाठी?

भाषणाची सुरुवात गट मुळात कशासाठी आहे इथून होते. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हापासून बचत गटाचा साचा तोच राहिला आहे : नियमित सभा, नियमित बचत, आपसांत कर्ज, त्याची वेळेवर फेड आणि नीट ठेवलेली वही. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, आणि पुढे 'उमेद' अभियानाने हाच साचा गावोगाव नेला. हा साचा पैसे जमवण्यासाठी आणि फिरवण्यासाठी घडवलेला आहे. माल बनवणे, विकणे, उधारी वसूल करणे या गोष्टी त्यात आपोआप येत नाहीत.

म्हणून बाई फळ्यावर पहिला प्रश्न लिहितात तो असा : हे काम दहा जणींनी मिळून केल्याने नेमके काय वाढते? शेळीपालनाचे पाहिले तर काहीच वाढत नाही. शेळी एकीच्या गोठ्यात राहते, तिला चारा एकजण घालते, रात्री आजारी पडली तर तीच एकटी जागते. दहा जणींच्या मालकीची शेळी मेली की दोष कोणाचा, यावरून गट फुटू शकतो. शेळीसाठी गटाकडून कर्ज घ्यावे आणि ती ज्या त्या बाईने आपली म्हणून पाळावी, हेच बरे. शिवणकामात अडचण वेगळी आहे. दहापैकी दोघींनाच ब्लाऊज बेतता येत असेल, तर कमाई त्या दोघींची होते आणि बाकीच्या आठजणी काजे-बटणे करत बसतात.

मिळून केल्याचा फायदा चारच ठिकाणी दिसतो : कच्चा माल पोत्याने घेता येतो, एकीला न परवडणारे यंत्र घेता येते, एकीच्याने न निघणारी मोठी मागणी पुरी करता येते आणि एकाच नावाचा, एकाच चवीचा माल सतत बाजारात ठेवता येतो. ज्या धंद्यात यांतले एकही नाही, तो यादीतून खोडायचा. या पहिल्याच फेरीत शेळ्या आणि शिवणकाम जातात. मेणबत्त्या आणि अगरबत्त्या दुसऱ्या कारणाने जातात. त्यांच्या बाजारात कारखान्याचा स्वस्त माल आधीच बसलेला असतो आणि घरी केलेल्या मेणबत्तीसाठी गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देत नाही.

लिज्जतचा धडा

या ठिकाणी श्री महिला गृहउद्योगाचे, म्हणजे लिज्जतचे, उदाहरण बहुतेक भाषणांत येते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण ती नुसती यशोगाथा म्हणून ऐकली तर निवडीच्या कामी येत नाही. त्यातल्या तीन गोष्टी फळ्यावर लिहिण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली, तेव्हा पावसाळ्यातही काम चालू राहिले. पदार्थ ओळखीचा होता, करणाऱ्या हातांना सवय होती, तरीही हवामानाने अडवले. दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. पीठ एका ठिकाणी मळले जाते, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड वजन करून परत देतात. चव ठरते ते काम एकत्र आणि हाताने करायचे काम ज्याच्या त्याच्या घरी, अशी ही विभागणी आहे. तिसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पापडात पाय रोवलेल्या याच संस्थेने पुढे चामड्याच्या वस्तू, आगपेट्या आणि अगरबत्त्या करून पाहिल्या आणि त्या चालल्या नाहीत. एका वस्तूत मिळालेले यश दुसऱ्या वस्तूला आपोआप लागू होत नाही, हे त्यावरून दिसते.

तीन नावे, तीन कसोट्या

पहिल्या फेरीनंतर उदाहरणातल्या गटाच्या यादीत तीन नावे उरतात : उडदाचे पापड, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. आता प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. गिऱ्हाईक पुन्हा किती दिवसांनी येते? घातलेला पैसा किती दिवसांनी हातात परत येतो? आणि कामाची मजुरी सुटते का?

कांदा-लसूण मसाल्याला मागणी मोठी, भावही चांगला. पण नवी मिरची बाजारात आली की उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला होतो आणि गिऱ्हाईक पुन्हा वर्षाने येते. गटाला मिरची, धणे, खोबरे, खडा मसाला सगळे दोन-तीन महिन्यांतच घ्यावे लागते. मिरची त्या वेळी घेतली नाही तर पुढे महाग पडते, घेऊन ठेवली तर ओल आणि किडीपासून जपावी लागते. ज्या गटाकडे मोठी रक्कम वर्षभर अडकवून ठेवण्याची ताकद आहे, त्याला मसाला चालतो. दोन वर्षांच्या गटाची ती ताकद नसते.

पापडाला गिऱ्हाईक वर्षभर असते. पण तो हाताने लाटायचा म्हटला तर किलोमागे लागणारे तास बरेच होतात आणि भाव मात्र यंत्रावर केलेल्या पापडाच्या आसपासच मिळतो. वर पावसाळ्यात वाळवणाचा प्रश्न आहेच. उन्हाळी वाळवण म्हणून आलेली मागणी पुरवायला पापड ठीक, वर्षभराचा एकमेव धंदा म्हणून तो मजुरीच्या कसोटीत अडकतो.

चटणीला ऊन लागत नाही. घरात पाकीट संपले की गिऱ्हाईक महिन्याच्या आत परत येते. कच्चा माल आठवड्यापुरता घेता येतो आणि तो आठवड्यात विकलाही जातो. मर्यादा दोन आहेत. शेंगदाण्यात तेल असल्याने चटणी फार दिवस टिकत नाही आणि सोलापूरची चटणी आधीच नावाजलेली असल्याने दुकानात तिच्या शेजारी बसून विकायचे असते. तरीही पहिल्या दोन प्रश्नांवर चटणी पुढे राहते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाशिवाय मिळत नाही.

स्वतःच्या मजुरीचा हिशेब

घरगुती धंद्याच्या हिशेबातली सर्वांत मोठी गळती एकाच ठिकाणी असते. माल, गॅस, पिशव्या यांचे पैसे लिहिले जातात, पण करणाऱ्या बायकांच्या कष्टाचा रकाना कोराच राहतो. म्हणून बाई फळ्यावर दहा किलो शेंगदाण्याच्या एका खेपेचा हिशेब मांडतात.

शेंगदाणे १३० रुपये किलोने १३०० रुपयांचे. लाल तिखट ७०० ग्रॅम, २१० रुपये. लसूण ९० रुपयांचा, जिरे आणि मीठ मिळून ५० रुपये. हा सगळा कच्चा माल १६५० रुपयांचा झाला. शेंगदाणे भाजल्यावर त्यातले पाणी उडते, साले निघतात, निवडताना खराब दाणे बाजूला जातात. साधारण एक किलो तिथे घटतो. तिखट, लसूण आणि मीठ-जिऱ्याने वजन पुन्हा वाढते, थोडे भांड्यांना आणि यंत्राला चिकटते आणि अखेर हाती सुमारे दहा किलो चटणी येते. दोनशे ग्रॅमची पन्नास पाकिटे होतात. पिशवी आणि लेबल पाकिटामागे ४ रुपये, म्हणजे २०० रुपये. गॅस १००, कांडणावळ १००, बाजाराला नेण्या-आणण्याचे १५०. एकूण खर्च २२०० रुपये, म्हणजे पाकिटाला ४४ रुपये.

बहुतेक गट इथे थांबतात. पण दाणे निवडायला, भाजायला, सोलायला, लसूण साफ करायला, कांडायला आणि पाकिटे भरायला चौघींचा अर्धा दिवस जातो. त्याच वेळात शेतावर गेल्या असत्या तर प्रत्येकीला १५० रुपये मिळाले असते असे धरले, तर मजुरीचे ६०० रुपये होतात. आता खर्च २८०० रुपये आणि पाकीट ५६ रुपयांना पडते.

पाकिटाची छापील किंमत ७० रुपये ठेवली आणि पन्नासही पाकिटे आठवडी बाजारात हातोहात विकली गेली, तर ३५०० रुपये येतात आणि मजुरी देऊन ७०० रुपये उरतात. तीच पाकिटे किराणा दुकानात ठेवली तर दुकानदार छापील किमतीवर वीस टक्के सूट मागतो, म्हणजे गटाला ५६ रुपये मिळतात. मजुरी न धरणाऱ्या गटाला इथे पाकिटामागे १२ रुपये नफा दिसतो. प्रत्यक्षात ते बारा रुपये म्हणजे चौघींची मजुरीच आहे आणि गटाकडे एक पैसाही उरत नाही. दुकानातून पाच पाकिटे परत आली, तर हाती २५२० रुपये येतात आणि ६०० रुपयांच्या मजुरीतले ३२० रुपयेच पदरात पडतात.

यातून निघणारा निष्कर्ष चटणीबद्दलच आहे. सगळा माल दुकानांवर सोडला तर हा धंदा मजुरीपलीकडे जात नाही. निम्मा माल थेट गिऱ्हाइकाला विकला, तर खेपेमागे ३५० रुपये उरतात. आणि शेंगदाण्याचा भाव किलोला वीस रुपयांनी चढला, तर त्यातले २०० रुपये तिथेच जातात. म्हणून ७० रुपये ही किंमत कायमची धरता येत नाही. दाण्याचा भाव कुठवर गेला की पाकिटाची किंमत वाढवायची, ते आधीच ठरवून वहीत लिहून ठेवावे लागते.

महिन्याचे खरे चित्र

यानंतरचा आकडा सभेला आवडत नाही, पण तो सांगितल्याशिवाय भाषण पुरे होत नाही. आठवड्याला एक खेप, निम्मी विक्री थेट आणि निम्मी दुकानांत, असे धरले तर महिन्याला चार खेपांचे १४०० रुपये उरतात. तोलकाटा, पिशव्या बंद करायचे सीलिंग यंत्र, मोठी कढई आणि डबे यांना ८००० रुपये लागतील. दुकानदार तीन आठवड्यांनी पैसे देणार असेल तर चार खेपांचा माल आणि मजुरी हातातून सोडायची तयारी हवी, म्हणजे आणखी ११,००० रुपये. थोडक्यात वीस हजार रुपये धंद्यात बसतात.

हे वीस हजार गटाच्या बचतीतून काढले, तर ते आपसांतल्या कर्जातून निघतात. अनेक गटांत असे कर्ज शेकडा दोन रुपये महिना व्याजाने दिले जाते. म्हणजे धंदा सुरू होताच गटाचे महिन्याचे ४०० रुपये व्याज बंद होते. १४०० मधून ते वजा केले तर १००० उरतात, दहा जणींत शंभर-शंभर. मजुरीचे महिन्याला २४०० रुपये होतात, म्हणजे सरासरी प्रत्येकीला २४०. एकूण एका बाईला महिन्याकाठी ३४० रुपये.

एवढ्यावर संसार चालत नाही, हे उघड आहे. त्यामुळे प्रश्न असा होतो की खेपा वाढवता येतील का. चारशे उंबऱ्यांच्या गावात दर चौथ्या घराने महिन्याला एक पाकीट घेतले, तर शंभर पाकिटे थेट विकली जातात. एका खेपेच्या धंद्याला नेमकी तेवढीच थेट विक्री हवी. आठवड्याला तीन खेपा करायच्या तर महिन्याला सहाशे पाकिटे होतात आणि त्यांतली तीनशे थेट विकायला आणखी दोन गावांचे बाजार धरावे लागतात. बाजाराला कोण जाणार, दिवसभर कोण बसणार, तिची मजुरी कोण देणार, हे प्रश्न लगेच पुढे येतात. मुंबईचे महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांत एका दमात बरीच विक्री होऊ शकते, पण ती वर्षातून एकदा. तिच्या भरवशावर दर आठवड्याची खेप आखता येत नाही.

अनुदान शेवटी

सभेत कोणीतरी अनुदानाचा विषय काढतेच. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटांच्या सदस्यांसाठी बीज भांडवलाची आणि यंत्रांसाठी कर्जाला जोडलेल्या अनुदानाची तरतूद ठेवली गेली. उमेदमधून फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. पण अनुदान कशाला मिळते ते पाहून धंदा निवडला, तर हिशेब उलटा सुरू होतो. यंत्र आधी येते आणि त्याला काम शोधावे लागते. आठवड्याला दहा किलो कांडणाऱ्या गटाने मोठे पल्व्हरायझर घेतले, तर ते आठवड्यातले बहुतेक दिवस झाकून राहते आणि त्याच्या हप्त्याला मात्र सुट्टी नसते. बाहेरून कांडून आणण्याचा महिन्याचा खर्च यंत्राच्या हप्ता-वीज-दुरुस्तीपेक्षा जास्त होऊ लागला, म्हणजे यंत्राची वेळ आली असे समजायचे.

विचारायचे कसे, करून पाहायचे कसे

भाषणानंतर बाई दहा जणींना गृहपाठ देतात. प्रत्येकीने पुढच्या सभेपर्यंत दहा घरे आणि एक दुकान गाठायचे. "आम्ही चटणी केली तर घ्याल का?" असे मात्र विचारायचे नाही. ओळखीच्या बाईला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, त्यामुळे शंभरच्या शंभर घरे हो म्हणतात आणि माल आल्यावर वीसच घेतात. विचारायचे ते झाल्या गोष्टींबद्दल : गेल्या महिन्यात चटणी विकत आणली का, कुठून, केवढ्या पाकिटाची, किती रुपयांना? दुकानदाराला विचारायचे की कोणत्या नावाची किती पाकिटे आठवड्याला जातात, त्याला सूट किती मिळते आणि न खपलेला माल परत कोण नेते. ही उत्तरे वहीत आली, की फळ्यावरचे धरलेले आकडे पुसून खरे आकडे लिहिता येतात.

खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करावी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. त्याशिवाय पदार्थाचे नाव, त्यात काय काय आहे, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, खेपेचा क्रमांक, गटाचे नाव-पत्ता, शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण आणि शेंगदाणा असल्याची स्पष्ट सूचना लागते, कारण काहींना शेंगदाणा सोसत नाही.

नोंदणी हाती आली की चार आठवडे चार खेपा करून पाहायच्या. लेबले हजारांनी छापायची नाहीत, यंत्र विकत घ्यायचे नाही. या चार आठवड्यांत विक्रीइतकेच लक्ष टिकण्याकडे ठेवावे लागते. प्रत्येक खेपेतली चार-पाच पाकिटे बाजूला ठेवून दर आठवड्याला एक फोडायचे आणि वास घ्यायचा. शेंगदाण्याचे तेल हवा आणि उजेडाने बिघडले की खवट वास येतो. जिथे तो पहिल्यांदा जाणवतो, त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख पाकिटावर घालायची. लसूण ओला राहिला तर चटणी आणखी लवकर बिघडते, म्हणून तो नीट भाजून घ्यायचा आणि दाणे पुरते गार झाल्याखेरीज पाकिटे भरायची नाहीत. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी धरलेले दाणे हाताने निवडून फेकायचे. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही, त्यामुळे स्वस्त मिळाले म्हणून ओलसर पोते घेणे महागात पडते. चव एकसारखी राहावी म्हणून तिखट आणि मीठ मुठीने न घालता दर वेळी वजन करून घालायचे.

कामाची आणि पैशाची वाटणी

मिळून चालवलेले धंदे बहुतेक वेळा बाजारात बुडण्याआधी घरात बुडतात. सुगीच्या दिवसांत चार बायका मजुरीला जातात, माल उरलेल्या सहाजणी करतात आणि महिन्याअखेर पैसे मात्र दहा जणींत सारखे वाटले जातात. पुढच्या महिन्यात त्या सहाजणींतल्या दोघी येत नाहीत. म्हणून पाळीची मजुरी आणि उरलेला पैसा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. जी आली तिची हजेरी लागली आणि तिला त्या पाळीचे १५० रुपये मिळाले, एवढे ठरले की नफ्यावरचे निम्मे भांडण मिटते. उरलेल्या पैशातला निम्मा भाग खराब माल, भाववाढ आणि यंत्राची दुरुस्ती यांसाठी राखून उरलेलाच वाटावा. तो सगळ्यांना सारखा द्यायचा की पाळ्यांच्या प्रमाणात, हे पहिली खेप होण्याआधीच ठरवायचे, कारण पैसे दिसल्यावर प्रत्येकीला आपल्या सोयीचा नियम योग्य वाटू लागतो.

धंद्याची वही बचतीच्या वहीपासून वेगळी असावी लागते. तिच्यात माल किती आणला, पाकिटे किती झाली, कोणाकडे किती गेली, पैसे किती आले आणि उधारी किती राहिली, एवढे पाच रकाने पुरतात. माल घेणारी आणि पैसे घेणारी या दोघी एकच असू नयेत. विक्रीचे पैसे घरी न ठेवता गटाच्या बँक खात्यात भरावेत.

धंदा घसरू लागला की त्या वहीत तो आधी दिसतो. उधारीचा रकाना दर आठवड्याला वाढतो आणि रोख घटते. परत आलेल्या पाकिटांचा आकडा पन्नासात पाचाच्या पुढे जातो. कोणीतरी पाळीची मजुरी "पुढच्या वेळी घेऊ" म्हणत सोडून देते. या तिसऱ्या खुणेकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण ती त्यागासारखी दिसते. पण मजुरी सोडून चालवलेला धंदा तोट्यातच असतो. तो तोटा त्या बाईच्या घरात पडतो आणि म्हणून वहीत दिसत नाही, एवढाच फरक.

मत आणि ठराव

निवड हात वर करून करायची नाही, हा बाईंचा शेवटचा मुद्दा असतो. हात वर करताना सून सासूकडे पाहते, कर्ज घेतलेली सचिवाकडे पाहते आणि सगळ्याजणी बाईंकडे पाहतात. त्याऐवजी तीन वाट्या मांडून त्यांवर तीन वस्तूंची चिठ्ठी लावायची आणि प्रत्येकीने एकेकटीने आत जाऊन पाच चिंचोके हवे तसे वाटून टाकायचे. पाचही एकाच वाटीत टाकले तर ती पक्की आहे, तीन-दोन टाकले तर तिच्या मनात शंका आहे, हे मोजताना कळते. जिच्या चिंचोक्यांचा कौल वेगळा पडला, तिच्यावर वर्गणीची सक्ती करायची नाही. ती गटात राहून बचत करू शकते, धंद्यात नंतर येऊ शकते. बाई मत देत नाहीत आणि मोजणी झाल्याशिवाय आपले मतही सांगत नाहीत.

निर्णय सभेच्या इतिवृत्तात ठराव म्हणून लिहिला जातो. त्यात वस्तूचे नाव, घालायची रक्कम, पाळीची मजुरी, नफा वाटण्याचा नियम, खरेदी, विक्री आणि वही सांभाळणाऱ्या तिघींची नावे आणि चार खेपांच्या चाचणीची मुदत यावी. थांबायचे कधी, याचेही एक वाक्य त्यात हवे. उदाहरणातल्या गटासाठी ते असे होते : सहा महिन्यांनंतर मजुरी आणि व्याज सोडून काही उरत नसेल, किंवा घातलेल्या वीस हजारांपैकी पाच हजार बुडाले, यांतले जे आधी घडेल तेव्हा काम थांबवून नव्याने विचार करायचा. ठरावाखाली दहाही जणींच्या सह्या किंवा अंगठे घेतले की निवडीचे काम संपते आणि पहिल्या खेपेची तारीख ठरते.